मंजुरी देणाऱ्या व्यक्तीचं नाव

स्टुडिओत तिला सगळे ‘वेळापत्रक’ म्हणायचे. सगळे म्हणजे दोघंच. एक मालक, जे वेबसाइटचं डिझाइन स्वतः करायचे, आणि दुसरा प्रोग्रॅमर, जो कानाला हेडफोन लावून बसायचा आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. वेळापत्रकाचं काम गिऱ्हाइकांशी बोलण्याचं. कुणाचा मजकूर आला, कुणाचे फोटो अडले, कुणाला काय पाठवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असे. नाव तिला चिडवायला पडलं होतं, पण तिला ते आवडायचं.

मागच्या वर्षी चार दंतवैद्यांच्या एका दवाखान्याने या तिघांना अगदी जेरीस आणलं होतं. एकाला पान निळं हवं, दुसऱ्याला हिरवं. तिसरा रात्री-अपरात्री फोनवर निरोप टाकायचा, आणि चौथा सकाळी विचारायचा, “हे कुणी सांगितलं तुम्हाला?” साइट एकदाची सुरू झाली तेव्हा चौघांपैकी एकालाही ती आवडलेली नव्हती. प्रोग्रॅमरने तर त्या काळात दोनदा राजीनामा लिहून ठेवला होता.

त्यानंतर वेळापत्रकाने नव्या गिऱ्हाइकांसाठी स्वागताचा मेल तयार केला. मेल गोड होता, पण त्यात पळवाट नव्हती. सुरुवातीला आभार, मग आम्ही कोण कोण आणि कुणाकडे काय काम. मग पायऱ्या: आधी सोबतची प्रश्नावली भरून द्या, लोगो, फोटो आणि मजकूर एकाच सामायिक फोल्डरमध्ये टाका, डोमेनचा ताबा आमच्या खात्याला द्या, पासवर्ड मात्र मेलवर पाठवू नका, त्यानंतर तासाभराची पहिली बैठक. मग बोलण्याचालण्याचे नियम. निर्णय मेलवरच कळवावेत. तुमच्या मेलला एका कामाच्या दिवसात उत्तर मिळेल. दर शुक्रवारी कामाचा आढावा येईल. फोन फक्त साइट बंद पडली तर. प्रत्येक पानाला दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. पाठवलेल्या पानावर पाच कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर ते मंजूर आहे असं समजून पुढचं काम सुरू होईल.

आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात: ‘आपल्याकडून मंजुरी देणाऱ्या एकाच व्यक्तीचं नाव कळवा. त्या व्यक्तीचा निर्णय अंतिम मानला जाईल.’

मालकांनी तो वाचून म्हटलं होतं, “हे आधी असतं तर माझे निम्मे केस राहिले असते.”

त्या मेलने स्टुडिओ खरंच सुधारला. कामं वेळेत व्हायला लागली, प्रोग्रॅमरने राजीनाम्याचं नाव काढलं नाही. वेळापत्रकाला त्या मेलचा अभिमान होता, आणि तो असणं काही चूक नव्हतं.

मग त्या दोघी जावा आल्या.

दोघी मिळून लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान चालवायच्या. पुढे दुकान, मागे शिलाईची खोली, तिथे कापड बेतायला एक मास्तर आणि मशिनीवर चार बायका. थोरल्या साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत बसणाऱ्या. धाकट्या त्यांच्याहून बऱ्याच लहान, उंच आणि घाईच्या. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, पण थोरल्या हसून म्हणाल्या त्याप्रमाणे, “त्या दोघांना एकमेकांशी बोलायलासुद्धा आम्ही लागतो.”

मालकांच्या टेबलासमोर बसून दोघी एकमेकींच्या तोंडातून शब्द काढून घेत बोलत होत्या.

“आम्हाला आता ऑनलाइन पण विकायचंय,” धाकट्या म्हणाल्या.

“पण कापड हाताला लागल्याशिवाय...” थोरल्या म्हणाल्या.

“...विकत घेणार कोण, असं ताईंचं म्हणणं. म्हणून फोटो एकदम जवळून हवेत. शिवण दिसली पाहिजे.”

“आतली शिवण,” थोरल्यांनी बोट उचललं. “बाहेरची सगळ्यांचीच बरी असते. बाळाला टोचते ती आतली.”

“झालं, आता तासभर आतली शिवण,” धाकट्या म्हणाल्या, आणि दोघी खळखळून हसल्या. वेळापत्रकही हसली. एवढी वर्षं एका घरात राहून, एका दुकानात बसूनही या दोघींना एकमेकींचा कंटाळा आलेला नव्हता, हे पाहून तिला बरं वाटलं. त्यांच्या बोलण्यात ‘मी’ हा शब्दच नव्हता. सगळं ‘आम्ही’.

दुसऱ्या दिवशी तिने दोघींना स्वागताचा मेल पाठवला.

प्रश्नावली सुरेख भरून आली. फोटोही आले, आतल्या शिवणीसकट. फक्त मंजुरी देणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘आम्ही दोघी.’

वेळापत्रकाने तो रकाना पाहिला, आणि तिच्या डोळ्यांसमोर चार दंतवैद्य उभे राहिले. तिने नम्रपणे लिहिलं, ‘कामाच्या सोयीसाठी इथे एकच नाव आवश्यक आहे. कृपया आपसात ठरवून कळवावं.’

उत्तराला जरा वेळ लागला. मग धाकट्यांचा एका ओळीचा मेल आला: ‘माझं नाव घाला. ताईंनी सांगितलंय.’

तिने नाव घातलं. प्रोजेक्ट सॉफ्टवेअरमध्ये मंजुरीचं बटण धाकट्यांच्या खात्याला जोडलं, आणि पुढचे सगळे मेल त्यांनाच जायला लागले. थोरल्यांचा पत्ता मेलांतून कधी गळला हे तिच्या लक्षातही आलं नाही. गळला म्हणजे काय, तिनेच गाळला. नियमच तसा होता.

पहिल्या बैठकीला दोघी आल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला दुसऱ्या गावी गेल्या. इकडे शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आलेले, गणवेशांचा ढीग पडलेला, आणि धाकट्या एकट्या दुकानात. ‘आमच्याविषयी’ या पानाच्या मजकुरासाठी वेळापत्रकाने त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलून घेतलं. एका हातात मोजपट्टी, मान अर्धी मास्तरांकडे वळलेली, अशा धाकट्या बोलत होत्या.

“सुरुवात घरातच झाली. मागच्या खोलीत. मशीन ताईंची, माहेरून आणलेली. मला तर तेव्हा सुईत दोराही ओवता येत नव्हता. आम्ही आधी झबली शिवायला लागलो...”

कॉल झाल्यावर वेळापत्रकाने मजकूर लिहायला घेतला. मालकांनी त्या पानाचं डिझाइन आधीच केलं होतं: डाव्या बाजूला एक मोठा चेहरा, उजवीकडे संस्थापकाचं मनोगत. थोरल्या गावात नव्हत्या, त्यामुळे फोटोग्राफरने काढलेला चेहरा धाकट्यांचाच होता. एका चेहऱ्याशेजारी ‘आम्ही’ विचित्र नाही का वाटणार? तिने ‘आम्ही’चं ‘मी’ केलं. वाक्यं लगेच सुटसुटीत झाली. ‘घरातल्या एका खोलीत, एका शिलाई मशीनवर मी सुरुवात केली.’ वाचायला छान होतं. खोटं लिहितोय असं तिला क्षणभरही वाटलं नाही. ती फक्त वाक्य नीट करत होती.

पान मंजुरीसाठी गेलं. धाकट्यांचं उत्तर आलं: ‘यात थोडं बदलायला हवं. ताईंना दाखवते आणि कळवते.’

दोनेक दिवसांनी दुपारी स्टुडिओचा फोन वाजला. पलीकडे थोरल्या होत्या. मागे कुठेतरी बाळ रडत होतं.

“अहो, नातू झालाय मला,” त्या आधी म्हणाल्या.

“अरे वा! अभिनंदन, मॅडम.”

“हो ना. आता ऐका, हिने मला ते पान पाठवलंय म्हणे. पण इथे मला बसायलाही फुरसत नाही, आणि एवढ्याशा फोनवर काही धड दिसत नाही. मी तिला म्हटलं, तू दुकान बघ, स्टुडिओशी मी बोलते. तर ते पान तेवढं थांबवता का? मी आले की शांतपणे वाचून सांगते.”

वेळापत्रकाचा हात पेनकडे गेला, आणि थांबला. दंतवैद्यांच्या वेळीही असंच व्हायचं. एक जण सांगायचा थांबवा, दुसरा विचारायचा का थांबवलं.

“मॅडम, थांबवायचं असेल तर तसा मेल धाकट्या मॅडमकडून यायला हवा.”

“माझ्याकडून नाही चालणार?”

“मंजुरीसाठी त्यांचं नाव दिलंय ना तुम्ही.”

“ती माझी जाऊ आहे हो.”

“हो, मॅडम. त्यांना फक्त दोन ओळी टाकायला सांगा. लगेच थांबवते मी.”

पलीकडे त्यांनी कुणाला तरी बाळाला घ्यायला सांगितलं.

“बरोबर आहे,” थोरल्या म्हणाल्या. “नाव तिचं दिलंय.” आणि त्यांनी फोन ठेवला.

वेळापत्रकाला वाटलं, आपण नीट बोललो. आवाज चढवला नाही, तीनदा मॅडम म्हटलं. फोनवरच्या गोष्टी नोंदवायच्या नाहीत हाही तिचाच नियम, म्हणून तिने तो फोन कुठे नोंदवला नाही. आणि धाकट्यांना कळवलंही नाही. मेलवर एक ओळ टाकायची होती फक्त: ताईंचा फोन आला होता, पान थांबवायचं का? ती ओळ लिहायला काहीच लागलं नसतं. पुढे कित्येकदा ती ओळ तिने मनातल्या मनात लिहिली.

थोरल्यांनी धाकट्यांना काही सांगितलं नाही. आपण फोन केला, आणि आपल्याला तिची परवानगी आणायला सांगितलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? इकडे धाकट्यांना वाटलं, ताईंनी बोलते म्हटलंय म्हणजे बोलल्या असतील, पान थांबलेलं असेल. त्या गणवेशांत बुडालेल्या. पाच दिवस उलटले, ‘कळवते’ म्हटल्यावर काय बदलायचं ते काही आलं नाही, आणि नियमाप्रमाणे ते पान मंजूर झालं. मग वेळापत्रकाने कळवलं, ‘ठरल्याप्रमाणे साइट सोमवारी सुरू करत आहोत.’ धाकट्यांनी दुकानातल्या गर्दीतून उत्तर दिलं, ‘ठीक आहे.’

सोमवारी साइट सुरू झाली. मालकांनी पेढे नाही, पण सगळ्यांना कॉफी पाजली.

थोरल्यांनी ती साइट लेकीच्या फोनवर पाहिली. लेक बाळाला मांडीवर घेऊन कौतुकाने एकेक पान उघडत होती. फ्रॉक, झबली, आतल्या शिवणीचे फोटो. ‘आमच्याविषयी’ उघडलं. तिने सगळं वाचलं आणि विचारलं, “आई, यात तू कुठे आहेस?”

हे वेळापत्रकाला बऱ्याच उशिरा कळलं. ती दुकानात गेली होती, नवे कपडे साइटवर कसे चढवायचे ते शिकवायला. कामाची शेवटची पायरी. थोरल्या परत येऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते.

दुकान तिला वाटलं होतं तसंच होतं. कापडाचे तागे, लहानशा हँगरवर लहानसे सदरे, मागून मशिनींची घरघर. थोरल्या खिडकीपाशी काज करत बसल्या होत्या. तिला पाहून त्या हसल्या, “या” म्हणाल्या, आणि पुन्हा काजात शिरल्या.

ती धाकट्यांना लॅपटॉपवर दाखवत होती तेवढ्यात मास्तर आतून एक कापड घेऊन आले. “ताई, या फ्रॉकला अस्तर पांढरं लावू का पिवळं?”

“तिला विचारा,” थोरल्या वर न बघता म्हणाल्या.

मास्तर घोटाळले. अस्तर हा थोरल्यांचा प्रांत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. ते धाकट्यांकडे वळले. धाकट्यांनी लॅपटॉपवरची नजर काढली नाही, पण त्यांचे कान लाल झाले.

“पांढरं,” त्या म्हणाल्या.

मग एक बाई सुट्टी मागायला आली. थोरल्या म्हणाल्या, “तिला विचार.” मग कापडवाल्याचा फोन. “तिच्याशी बोला हं, ती सांगेल.” आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. भांडणारं माणूस निदान समोर उभं तरी राहतं. या बाजूला झाल्या होत्या.

शिकवणं संपल्यावर धाकट्या वेळापत्रकाला सोडायला म्हणून बाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेला थांबल्या.

“एक विचारू? ताईंनी तुम्हाला फोन केला होता का?”

“हो.”

“पान थांबवा म्हणून?”

“हो. मी त्यांना म्हटलं, तुमच्याकडून मेल यायला हवा.”

धाकट्यांनी डोळे मिटून घेतले. “मला वाटलं त्या विसरल्या. बाळाच्या गडबडीत राहिलं असेल. आणि त्यांना वाटतंय मी वाचून, समजून, ‘मी’ लिहिलेलं पास केलं.”

“तुम्ही सांगितलं नाही त्यांना?”

“सांगितलं ना. आल्या त्याच दिवशी सांगितलं, ताई, मी ते पास केलेलं नाही. तर म्हणाल्या, मग कुणी केलं? नाव तर तुझंच आहे.” त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. “काय उत्तर देणार? कुणीच नाही केलं म्हणू? आपोआप झालं म्हणू? पटेल का कुणाला?”

कुणीच मंजूर न केलेलं पान मंजूर झालं होतं, आणि ते तिच्या मेलात लिहिल्याप्रमाणेच झालं होतं.

“खरं सांगू का,” धाकट्या म्हणाल्या, “ते पान तर निमित्त. बिनसलं त्याच्या आधीच. तुमचा तो मेल आला, एकच नाव द्या म्हणून, तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. मी आपलं वाचून दाखवलं आणि विचारलं, कुणाचं देऊ? ताई म्हणाल्या, तुझं दे की, तुला कॉम्प्युटर कळतो. मी म्हटलं बरं. आणि दिलं.”

“मग?”

“मग काय. त्यांनी ‘तुझं दे’ म्हटलं तेव्हा मी ‘छे, तुमचंच’ म्हणायला हवं होतं. एकदा म्हटलं असतं तर त्यांनी हट्टाने माझंच द्यायला लावलं असतं. मला ठाऊक आहे त्यांचा स्वभाव. पण मी भाकरी मोडत होते, डोक्यात गणवेश. बरं म्हटलं.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “इतकी वर्षं आम्हाला कधी प्रश्नच पडला नव्हता हो, या दुकानात मोठं कोण. कुणी विचारलंच नव्हतं.”

वेळापत्रक स्टुडिओत परतली ती सरळ प्रोग्रॅमरच्या शेजारी जाऊन बसली, आणि त्याला हेडफोन काढायला लावले. तासाभरात पान बदललं. ‘मी’चं पुन्हा ‘आम्ही’ झालं. मशीन थोरल्यांची, हेही आलं. पहिल्या बैठकीच्या दिवशी मालकांनी सहज फोनवर काढलेला दोघींचा एक फोटो सापडला, थोडा हललेला, दोघी हसताना. तो मोठ्या चेहऱ्याच्या जागी लावला. मालकांनी डिझाइन बिघडल्याबद्दल एक शब्द काढला नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, “त्या रकान्यात दोघींची नावं राहू दिली असती, तर आपलं काय अडलं असतं?”

“दोघींनी वेगवेगळं सांगितलं असतं तर?”

“त्या दोघींनी?”

तिने मान खाली घातली. तिने त्या दोघींना समोर बसून हसताना पाहिलं होतं. मेल तरीही तिने दंतवैद्यांनाच लिहिला होता.

त्याच संध्याकाळी तिने स्वागताचा मेल उघडून ती ठळक ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं: ‘आपल्याकडे निर्णय कसे होतात ते आम्हाला सांगा. उत्तर कुणी एकाने पाठवलं तरी चालेल; ते पाठवण्याआधी आणखी कुणी पाहायला हवं असेल तर त्यांचंही नाव कळवा, आमचे मेल त्यांनाही जातील.’ आणि उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर, हे वाक्य काढून टाकलं. उत्तर आलं नाही तर आम्ही फोन करू, असं लिहिलं. वाचून बघताना तिला नवल वाटलं की हे पहिल्यापासून किती सोपं होतं.

पण तो मेल आता पुढच्यांना जाणार होता.

रविवारी ती थोरल्यांच्या घरी गेली. दोघी एकाच इमारतीत राहायच्या; धाकट्या खाली, थोरल्या वर. जिना चढताना खालच्या दाराशी तिचं पाऊल अडखळलं, पण ती थांबली नाही.

थोरल्यांनी तिला चहा केला. हातात फोन घेऊन, तो डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी नवं पान वाचलं. फोटो बघून त्यांना हसू आलं. “माझे डोळे मिटलेत की यात.”

“मॅडम, चूक माझी आहे,” वेळापत्रक म्हणाली. “‘मी’ मी लिहिलं. धाकट्या मॅडमनी प्रत्येक वाक्यात आम्हीच म्हटलं होतं. आणि तुमचा फोन आला ते मी त्यांना कळवलं नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं.”

“मला कळलंय ते,” थोरल्या म्हणाल्या. “तिनेही सांगितलं. खोटं बोलायची नाही ती.”

“मग...”

“मग काय, मुली?” त्यांनी फोन परत केला. “तू विचारलंस. कुणीतरी कधीतरी विचारलंच असतं. बँक विचारते, सरकार विचारतं. उत्तर आम्ही दिलं. मी म्हटलं तुझं दे, ती म्हणाली बरं. त्यात तिचंही काही चुकलं नाही. मीच म्हटलं होतं ना? तिने माझा शब्द मानला, आणि माझं मन दुखलं. हे मी तिला कसं सांगू? मलाच हसू येतं. पण दुखलं हे खरं.”

“तुम्ही पूर्वीसारखं दुकानात बसा ना. अस्तर कुठलं ते सांगा. मास्तर वाट बघतात तुमची.”

“बसते की. बसले होते दोन आठवडे.” थोरल्या खिडकीतून खाली बघत होत्या. “पूर्वी तोंडातून निघून जायचं, पिवळं लावा. आता निघायच्या आधी वाटतं, हिला चालेल ना? एकदा असं वाटायला लागलं की नाही चालत ते. तिलाही वाटत असणार, ताईंना राग येईल का. दोघी नुसत्या जपतोय एकमेकींना. जपून दुकान चालत नाही.”

चहा गार होऊन गेला होता. जाताना तिने वाकून नमस्कार केला. थोरल्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि तो हात इतका मऊ होता की जिना उतरताना तिला रडू आलं. त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पुढे थोरल्यांनी दुकानात जाणं हळूहळू कमी केलं. भांडण असं कधी झालंच नाही. आधी नातवाचं कारण होतं, मग गुडघ्यांचं. घरात सणावाराला, आजारपणाला दोघी एकमेकींच्या पाठीशी पूर्वीसारख्याच उभ्या राहायच्या. खालून वर भाजी जायची, वरून खाली डबा यायचा. धाकट्यांनी दुकान चालवलं, चांगलं चालवलं. साइटवरून लांबलांबून मागण्या यायला लागल्या. मशिनी वाढल्या. मास्तरांनी अस्तराचं थोरल्यांना विचारायचं सोडून दिलं.

वर्षभराने साइटचं नूतनीकरण होतं म्हणून वेळापत्रक पुन्हा दुकानात गेली. आता ती असल्या कामाला स्वतः जायची, मेलवर भागत असलं तरी. ती आणि धाकट्या नव्या कपड्यांचे फोटो निवडत होत्या. मधेच धाकट्या एका फोटोवर थांबल्या. “हा आतून नाही काढला कुणी,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या फोटोकडे वळल्या.

तेवढ्यात दारात थोरल्या आल्या. हातात कुठलीशी पिशवी, चष्मा कपाळावर. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत गिऱ्हाईक आहे का ते पाहत, आपण आत्ता यावं का याचा अंदाज घेत.

धाकट्या झटकन उठल्या. तागे बाजूला सारून त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली, पदराने पुसली.

“या ना ताई, या. बसा.”

“कामात आहेस का? मी नंतर येते.”

“छे, छे. बसा ना. चहा मागवते.”

थोरल्या आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, चांगल्या मनाने. धाकट्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी नातवाच्या दातांबद्दल विचारपूस केली. वेळापत्रक लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. मागे मशिनी चालू होत्या, आणि पुढे त्या दोघी अगदी अदबीने बोलत होत्या.